बिटकॉइनच्या पत्त्यावर नाव नसतं, मग माणूस सापडतो कसा?

सांगलीचे_सर

मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. गेल्या आठवड्यात तासाला बिटकॉइनचा विषय निघाला आणि अर्ध्या वर्गाचं ठाम मत पडलं की तिथे कोणाला काही कळत नाही, सगळं निनावी असतं. मी म्हटलं, निनावी नाही, टोपणनावी आहे. रोख पैसे दिले तर मागे नोंदच उरत नाही. इथे प्रत्येक व्यवहार जगजाहीर वहीत कायमचा लिहिला जातो, फक्त नावाच्या जागी पत्ता असतो. एवढं सांगून मी थांबलो, कारण पुढचं मलाच नीट माहीत नव्हतं.

माझा प्रश्न न्यूयॉर्कच्या त्या जोडप्याबद्दल आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये इल्या लिक्टेनस्टाइन आणि हेदर मॉर्गन यांना अटक झाली आणि ९४ हजारांहून जास्त नाणी जप्त झाली. मध्ये साडेपाच वर्षं गेली. वहीत नावच नाही, तर तपास करणारे पत्त्यावरून माणसापर्यंत पोचले कसे? इथे या क्षेत्रातलं कोणी असेल तर पायऱ्या सांगा. मुलांना नुसतं 'पोलिसांनी शोधलं' असं सांगायचं नाहीये.

राघव_ठाणे

सर, तुमचे विद्यार्थी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी २०१७ पासून यात आहे. आताची वॉलेट प्रत्येक वेळी पैसे घ्यायला नवा पत्ता देतात. माझ्या वॉलेटमध्ये शे-दीडशे पत्ते असतील. ते एकाच माणसाचे आहेत हे बाहेरच्याला कळायचा मार्गच नाही. जे पकडले जातात ते एकच पत्ता पुन्हा पुन्हा वापरतात म्हणून. शिवाय अनेकांची नाणी एकत्र मिसळून परत देणारे मिक्सर आहेतच.

धागेदोरे

मी बंगळुरूला एका एक्स्चेंजच्या कम्प्लायन्स विभागात आहे. दिवसभर हेच काम. सर, तुमच्या प्रकरणाकडे येते, पण आधी राघव यांच्या मुद्द्याचं बघू, कारण माग तिथूनच सुरू होतो.

राघव, नवा पत्ता घेणं चांगलंच, ते सोडू नका. पण पत्ते घेताना वेगळे असतात, खर्च करताना एकत्र येतात. बिटकॉइनमध्ये खात्यात 'शिल्लक' अशी एक रक्कम नसते. वेगवेगळ्या वेळी आलेले तुकडे असतात, नोटांसारखे, आणि एखादा तुकडा वापरायचा तर तो पूर्णच वापरावा लागतो. उरलेले सुट्टे तुमचेच तुम्हाला परत येतात, बहुतेक वेळा एका नव्या पत्त्यावर.

एक व्यवहार घेऊ. आकडे मी मनाने घेतलेत, पण रोज स्क्रीनवर असंच दिसतं. आत जाणारे दोन तुकडे: ०.३१ आणि ०.२४. बाहेर पडणारे दोन: ०.५० आणि ०.०४९८. उरलेले ०.०००२ फी म्हणून व्यवहार वहीत नोंदवणाऱ्या मायनरला गेले.

पहिली गोष्ट, ०.३१ आणि ०.२४ दोन वेगळ्या पत्त्यांवर होते. दोन्ही खर्चायला दोन्ही पत्त्यांच्या किल्ल्यांनी, म्हणजे मालकाकडच्या गुप्त संकेतांनी, सह्या लागतात. त्या एकाच व्यवहारात झाल्या, म्हणजे दोन्ही किल्ल्या बहुधा एकाच वॉलेटमध्ये आहेत. तुमचे दोन 'वेगळे' पत्ते इथे जोडले गेले. हे कोणी नंतर शोधून काढलेलं नाही. सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या मूळ निबंधातच लिहिलंय की असे व्यवहार मालक एकच असल्याचं उघड करतात आणि ते टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट, बाहेर पडलेल्या दोनांपैकी दिलेले पैसे कोणते आणि सुट्टे कोणते? समजा ०.०४९८ द्यायचे होते. मग ०.२४ चा एकच तुकडा पुरला असता, ०.३१ ला हात लावायची गरजच नव्हती. दोन्ही तुकडे लागले याचा अर्थ द्यायचे होते ०.५०, आणि ०.०४९८ हे परत आलेले सुट्टे. वर ०.५० हा राउंड आकडा आहे, माणसं द्यायला असेच आकडे वापरतात. आत जाणारे पत्ते `bc1q` ने सुरू होणारे असतील, सुट्ट्यांचा पत्ताही तसाच असेल आणि ०.५० चा मात्र `3` ने सुरू होणारा असेल, तर खात्री आणखी वाढते. वॉलेट सुट्टे सहसा स्वतःच्याच जातीच्या पत्त्यावर घेतं.

म्हणजे एका व्यवहारातून तुमचे तीन पत्ते एका गठ्ठ्यात आले. पुढच्या महिन्यात तुम्ही ते ०.०४९८ आणि एक्स्चेंजवरून काढलेले ०.१२ एकत्र खर्च केलेत की चौथा पत्ता आला. आणि त्या ०.१२ ला नाव आहे, कारण एक्स्चेंजकडे तुमचा पॅन, आधार, सेल्फी सगळं आहे. आता ते नाव सगळ्या गठ्ठ्याला लागलं, जुन्या व्यवहारांनाही. वही पुसता येत नाही, त्यामुळे आज केलेली एक चूक पाच वर्षांपूर्वीचे व्यवहार उघडे पाडते. टोपणनाव आणि निनावी यातला व्यवहारातला फरक हाच.

वैजू_ताई

माझा भाऊ अशाच एका ग्रुपात अडकला. मेसेजिंग अ‍ॅपवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम होतं. आधी थोडे पैसे मिळाले, मग त्यांनी भरायला लावले. एका एक्स्चेंजवर यूएसडीटी नावाची नाणी विकत घेऊन त्यांनी दिलेल्या पत्त्यावर पाठवले, सगळे मिळून चार लाखांच्या आसपास. तुम्ही म्हणता माग काढता येतो, मग ते पैसे परत मिळतील का? पत्ता माझ्याकडे आहे, `T` ने सुरू होतो. इथे टाकू का?

धागेदोरे

वैजूताई, पत्ता इथे टाकू नका. तुमच्याकडे सविस्तर येते, आधी एक सांगा: शेवटचं पाठवून किती दिवस झाले? आठवड्याच्या आतलं असेल तर हे वाचणं थांबवून आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

वैजू_ताई

दोन महिने झाले. तक्रार केली आहे, पण त्यात फक्त बँकेचे व्यवहार लिहिलेत.

धागेदोरे

मग तक्रारीत भर घालावी लागेल. बँकेपासून एक्स्चेंजपर्यंतचा प्रवास तुमच्या भावाच्याच नावाचा आहे, त्यात चोर कुठेच नाही. चोर पुढे आहे. एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये 'विथड्रॉवल'च्या नोंदीत प्रत्येक पाठवणीसमोर चौसष्ट अक्षरांचा ट्रान्झॅक्शन आयडी असतो. ते सगळे, तारीख, वेळ आणि रकमेसह, लेखी द्या. स्क्रीनशॉट द्याच, पण आयडी टाईप केलेलाही द्या, तो कॉपी करता आला पाहिजे.

`T` ने सुरू होणारा पत्ता ट्रॉनचा, ती बिटकॉइनपेक्षा वेगळी वही आहे. मी वर सांगितलेली सुट्ट्यांची भानगड तिथे नाही, तिथे खात्यात शिल्लक असते. पैसे सहसा काही पत्त्यांमधून उड्या मारत कुठल्यातरी एक्स्चेंजच्या जमा-पत्त्यावर जातात. तो पत्ता ओळखू येतो, कारण एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला जमा करायला वेगळा पत्ता देतं आणि मग त्या हजारो पत्त्यांवरचे पैसे वेळोवेळी झाडून स्वतःच्या मोठ्या वॉलेटमध्ये नेतं. पोलिसांचं पत्र त्या एक्स्चेंजला गेलं की खातेदार कळू शकतो. यूएसडीटीचं आणखी एक आहे, ते काढणारी टेथर कंपनी तपास यंत्रणांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते. बिटकॉइनमध्ये हे शक्य नाही.

पण खोटी आशा लावत नाही. कुठे गेले हे कळणं वेगळं आणि परत मिळणं वेगळं. दोन महिन्यांत ते बहुधा रोखीत निघालेले असतात, खातंही भाड्याच्या माणसाच्या नावावर असतं. आणि आता 'तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा' म्हणणारे फोन येतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

सांगलीचे_सर

वैजूताई, भावाला सांभाळा. अशा वेळी माणूस घरात बोलायचाच बंद होतो.

धागेदोरे, उदाहरण लख्ख कळलं. पण बिटफिनेक्सच्या चोरांना हे सगळं माहीत नसेल का?

धागेदोरे

चांगलंच माहीत होतं. म्हणूनच ते प्रकरण शिकवण्यासारखं आहे.

चोरी दोन हजारांहून जास्त व्यवहारांत झाली आणि नाणी चोराच्या वॉलेटमध्ये गेली. तो गठ्ठा पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाला माहीत होता. पत्ते उघड, रक्कम उघड, फक्त मालक माहीत नाही. नाणी हलली की लगेच दिसत होतं. म्हणून तर बहुतांश नाणी वर्षानुवर्षं जागची हललीच नाहीत. जप्तीच्या वेळी ९४ हजारांवर नाणी त्याच वॉलेटमध्ये होती.

जानेवारी २०१७ पासून त्यातला थोडा थोडा भाग बाहेर निघायला लागला, आणि तो अल्फाबे नावाच्या डार्कनेट बाजारात गेला. हे अगदी विचारपूर्वक होतं. अशा साइटवर जमा केलेली नाणी सगळ्यांच्या सामाईक साठ्यात पडतात, आणि काढताना दुसऱ्याच कुणाची तरी नाणी मिळतात. वहीत बघणाऱ्याला अल्फाबेपाशी धागा तुटलेला दिसतो. तिथून पलीकडे जुळवायचं तर साइटच्या आतल्या नोंदी हव्यात. अल्फाबे जुलै २०१७ मध्ये बंद पाडलं गेलं आणि सर्व्हर तपास यंत्रणांच्या हाती लागले.

पलीकडे नाणी एका एक्स्चेंजवरच्या अनेक खात्यांत आली, सगळी खोट्या नावांची. वहीच्या दृष्टीने ती वेगळी माणसं. पण एक्स्चेंजच्या नोंदीत काय दिसलं बघा. नोंदणीचे ईमेल एकाच ईमेल सेवेचे, आणि ती सेवा भारतातली. ईमेल पत्त्यांची नावं ठेवायची धाटणी सारखी. खाती साधारण एकाच सुमाराला, चोरीच्याच काळात उघडलेली. लॉगिन त्याच आयपी पत्त्यांवरून. आणि एक्स्चेंजने ओळखीची कागदपत्रं मागितल्याबरोबर खाती सोडून दिलेली, आतल्या पैशांसकट. यातलं काहीच ब्लॉकचेनवर, म्हणजे त्या जगजाहीर वहीत, नाही. मला या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच. आमच्याकडे संशयित खातं बघताना मी आधी आयपी आणि नोंदणीची वेळ बघते, व्यवहारांचा आलेख नंतर.

मग आलं पैसे पातळ करणं. मोठ्या रकमेतून थोडी सोलून एका खात्यात टाकायची, उरलेली नव्या पत्त्यावर न्यायची, परत तेच. शंभरातून दोन काढले, अठ्ठ्याण्णव पुढे, त्यातून दोन काढले, शहाण्णव पुढे. हाताने मागे जायला वेळखाऊ, पण सुट्टे ओळखायची जी रीत वर सांगितली तीच लावली की सॉफ्टवेअर ही साखळी पटापट उलगडतं. काही रक्कम मोनेरोसारख्या दुसऱ्या नाण्यांत फिरवली. शेवटी पैसे त्यांच्या खऱ्या नावांच्या खात्यांत आले, कारण कधीतरी ते वापरायचे होतेच. त्यातून घेतलेलं वॉलमार्टचं ५०० डॉलरचं गिफ्ट कार्डही आरोपाच्या कागदांत आहे. त्यावरची खरेदी त्यांच्या राहत्या घराच्या पत्त्यावर मागवलेली होती.

आणि सर, नाणी जप्त झाली ती गणिताने नव्हे. तपासकर्त्यांनी न्यायालयाच्या आदेशाने लिक्टेनस्टाइनचं क्लाउड खातं मिळवलं. त्यात एक कुलूपबंद फाइल होती, ती ३१ जानेवारी २०२२ ला उघडली, आणि आत त्या वॉलेटच्या दोन हजार पत्त्यांची यादी किल्ल्यांसह मिळाली. माग काढून दार कळतं. दार उघडायला किल्लीच लागते.

राघव_ठाणे

पटलं, सुट्ट्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आत्ता माझे जुने व्यवहार काढून बघितले. २०१९ मध्ये फी कमी होती म्हणून सगळे छोटे तुकडे एकत्र करून एका पत्त्यावर घेतले होते. म्हणजे तेव्हाच सगळे पत्ते एका गठ्ठ्यात गेले.

पण कॉइनजॉइनचं काय? पाच-दहा माणसं मिळून एकच व्यवहार करतात. तिथे 'सह्या एकत्र म्हणजे मालक एक' हे गृहीतक सरळ खोटं ठरतं.

धागेदोरे

ठरतं, बरोबर. पाच जणांनी नाणी घातली आणि बाहेर ०.१ चे पाच सारखे तुकडे आले, तर कोणता कोणाचा हे वहीतून सांगता येत नाही. पण सारख्या रकमांची ती रांगच सांगते की हे कॉइनजॉइन आहे, म्हणून सॉफ्टवेअर तिथे ते गृहीतक लावत नाही. माणसं घसरतात ती नंतर. मिसळून आलेले दोन तुकडे पुढच्या आठवड्यात एकत्र खर्च करतात, किंवा मिसळलेला तुकडा आणि न मिसळलेले सुट्टे एकाच व्यवहारात घालतात. केलेली मेहनत तिथे वाया जाते.

खरा त्रास पेजॉइनचा. त्यात पैसे घेणारासुद्धा आपला एक तुकडा आत घालतो. बाहेरून अगदी साधा व्यवहार दिसतो आणि आमची दोन्ही गृहीतकं चुकतात: देणारा-घेणारा एकच वाटतात आणि दिलेली रक्कमही चुकीची निघते. तो फारसा वापरात नाही, म्हणून चाललंय.

स्वरा_न्यूजर्सी

मी चोरांच्या बाजूने बोलत नाहीये, पण याची दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. आमच्या मंडळाने एका वर्षी देणगीसाठी संकेतस्थळावर बिटकॉइनचा पत्ता छापला होता. एका देणगीदाराने घरातल्या वॉलेटमधून थेट पाठवले. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एकाने सहज तो व्यवहार उघडून बघितला, तर त्या बाईंना परत गेलेले सुट्टे आणि त्यामागची रक्कम समोर. देणगी छोटी होती, बाकीचा आकडा फार मोठा. ते सगळ्यांसमोर बोललं गेलं. बाईंनी पुन्हा काही पाठवलं नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. बँकेने असं केलं असतं तर दावा लावता आला असता.

धागेदोरे

स्वराताई, हे फार महत्त्वाचं आहे. तपास यंत्रणेला नाव जोडायला कोर्टाचं पत्र लागतं. शेजाऱ्याला काही लागत नाही, त्याला तुमचं नाव आधीच माहीत असतं. देणगीसाठी छापील पत्ता देऊ नये, प्रत्येकाला नवा पत्ता देणारी सोय करावी. आणि देणाऱ्याने मोठ्या तुकड्यातून छोटी रक्कम देऊ नये.

अ‍ॅड_विदर्भ

मी फौजदारी वकिली करतो. वर 'बहुधा', 'सहसा', 'खात्री वाढते' हे शब्द किती वेळा आलेत ते बघा. पैसे शोधायला हे ठीक आहे, एखाद्याला तुरुंगात धाडायला पुरेसं आहे का?

बिटकॉइन फॉग या मिक्सरच्या खटल्यात हाच वाद झाला. रोमन स्टर्लिंगोव्हला एप्रिल २०२१ मध्ये अटक झाली, मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, पुढे साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की चेनॅलिसिस कंपनीचं गठ्ठे बांधणारं सॉफ्टवेअर किती वेळा चुकतं याचा शास्त्रीय अभ्यासच पुढे ठेवलेला नाही. न्यायालयाने तो पुरावा घेतला. तरी माझ्या मते प्रश्न संपलेला नाही. उद्या आपल्याकडे एखाद्या सत्र न्यायालयात असा अहवाल आला, तर उलटतपासणी कशाची करायची?

धागेदोरे

वकीलसाहेब, मी असते तर अहवालातल्या प्रत्येक गठ्ठ्याबद्दल विचारलं असतं की हे पत्ते कोणत्या नियमाने जोडले. सह्या एकत्र असल्याने जोडले असतील आणि कॉइनजॉइन वगळले असतील, तर तो भाग बऱ्यापैकी भक्कम असतो. सुट्ट्यांच्या अंदाजावर जोडले असतील, तर एक चुकीचा अंदाज दोन परक्या माणसांचे गठ्ठे एकत्र करू शकतो, आणि तिथून पुढे सगळंच बिघडतं.

दुसरं विचारायचं, या गठ्ठ्यावर 'अमुक एक्स्चेंज' हा शिक्का कोणी लावला? याची चांगली रीत २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत सारा मिक्लजॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवली होती. त्यांनी स्वतः त्या त्या सेवांशी ३४४ व्यवहार केले, पैसे भरले, वस्तू विकत घेतल्या, आणि समोरून कोणते पत्ते येतात त्यांची नोंद ठेवली. असा शिक्का तपासता येतो. कुठल्यातरी फोरमवरून उचललेला शिक्का तपासता येत नाही.

अ‍ॅड_विदर्भ

आणि कंपनी म्हणाली की नियम हे आमचं व्यावसायिक गुपित आहे?

धागेदोरे

म्हणतात. आम्हालाही स्क्रीनवर गठ्ठा दिसतो, तो का बांधला हे दर वेळी दिसत नाही. म्हणून मी कोणाचं खातं गोठवायची शिफारस करण्याआधी ते व्यवहार वही दाखवणाऱ्या साध्या संकेतस्थळावर, ब्लॉक एक्स्प्लोररवर, हाताने उघडून बघते. सगळेच बघतात असं नाही.

अ‍ॅड_विदर्भ

मग ज्याचं खातं गोठलं, त्याने हे हाताने बघितलंय की नाही ते कोणाला विचारायचं? मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आली, संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि कळवलंय हे ग्राहकाला सांगायची मुभा नाही. माझ्याकडे असा एक अशील आहे. त्याने दुसऱ्या माणसाला यूएसडीटी विकले, येणाऱ्या पैशांत कुणाची तरी फसवणुकीची रक्कम निघाली आणि बँक खातं गोठलं.

वैजू_ताई

वकीलसाहेब, ती रक्कम माझ्या भावासारख्याच कुणाची तरी असेल ना? त्यांना ती परत मिळाली का?

अ‍ॅड_विदर्भ

नाही ताई, अजून नाही. रक्कम खात्यातच गोठलेली आहे. तक्रारदार दुसऱ्या राज्यातला आहे आणि माझा अशील म्हणतो की त्याने नाणी देऊन ती प्रामाणिकपणे मिळवली. दोघांचंही म्हणणं कोर्टापुढे आहे.

वैजू_ताई

एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये सात पाठवण्या सापडल्या, आयडीसह. उद्या सकाळी भावाला घेऊन सायबर सेलला जाते. धागेदोरे, पोलिसांनी विचारलं हे कशाला, तर काय सांगू?

धागेदोरे

सांगा, हे व्यवहार ट्रॉनवरचे आहेत, प्रत्येक आयडीपुढे शेवटचा जमा-पत्ता कोणत्या एक्स्चेंजचा आहे ते बघा आणि त्या एक्स्चेंजला खातेदाराची माहिती आणि खातं गोठवण्याचं पत्र पाठवा. सातही वेगवेगळे बघायला सांगा. सगळे एकाच ठिकाणी गेलेले नसतात.